सटवाजी

आमच्या कार्यालयात प्याले उंचावायची पद्धत नाही. निरोप समारंभाला शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, एक समोसा, एक पेढा आणि कागदी कपात पाऊण कप चहा. त्या दिवशी साहेबांचं बोलणं संपलं, युनियनच्या अध्यक्षांचं संपता संपेना, आणि मग कोणीतरी मागून ओरडलं, "ताई, तुम्ही नावाचं सांगा! सटवाजी का, ते सांगा!" मी हातातला चहाचा कप खाली ठेवायला जागा शोधली, ती मिळाली नाही. तेव्हा कप धरूनच बोलले. या अर्थाने म्हणाल तर कप उंचावला गेला.

ज्यांचा तो निरोप समारंभ, त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. चाळीस वर्षं ते दुसऱ्यांची नावं लिहीत आले, स्वतःचं त्यांना निवांत ठेवू द्यावं. तोंडावर सगळे त्यांना 'भाऊसाहेब' म्हणत, कारण कारकुनाला आपल्याकडे तसंच म्हणतात. पाठीमागे मात्र 'सटवाजी'. आणि गेली दहा-बारा वर्षं तर तोंडावरही.

नाव कुठून आलं ते समजायला आधी त्यांचं काम समजायला हवं. ते आस्थापना शाखेचे. नवा माणूस नोकरीला लागला की त्याचं सेवापुस्तक उघडायचं. सेवापुस्तकाचं पहिलं पान म्हणजे माणसाची सरकारी कुंडलीच. नाव, वडिलांचं नाव, गाव, उंची, अंगावरच्या खुणा, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे, सही, आणि जन्मतारीख: अंकी आणि अक्षरी. बाकीचं सगळं बदलू शकतं. बाईमाणसाचं नाव बदलतं, खुणा पुसट होतात. जन्मतारीख मात्र एकदा लिहून साहेबांची सही झाली, की त्या माणसाचा कार्यालयातला शेवटचा दिवस त्याच क्षणी ठरून जातो. लिपिकाला ५८, शिपायाला ६०. मी २००९ साली हजर झाले तेव्हा भाऊसाहेबांनी माझी पाची बोटं शाईच्या पॅडवर एकेक करून टेकवली, जन्मतारीख लिहिली, वाळू दिली, आणि समोरच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने माझ्या निवृत्तीची तारीख काढून मला दाखवली. मी तेवीस वर्षांची होते. घरी जाऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "अगंबाई, पहिल्याच दिवशी?"

आता सटवाई. मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री ती येते आणि कपाळावर लिहून जाते, हे मराठी घरात जन्मलेल्याला सांगायला नको. पाटा-वरवंटा पुजतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात, आणि पूजेत कोरा कागद नि लेखणी ठेवतात. जे लिहिलं ते तिलाही पुसता येत नाही. 'पाचवीला पुजलेलं' म्हणतो ते हेच.

१९९१ साली आमच्याकडे काही रोजंदारीवरचे लोक नियमित झाले. त्यांच्यात एक शिपाई होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. भाऊसाहेब तेव्हा पोरसवदा, मिशी नुकती मनावर घेतलेली. तात्या समोर बसले, दाखला पुढे केला. भाऊसाहेबांनी विचारलं, "जन्मतारीख बरोबर आहे का बघा." तात्या म्हणाले, "मला काय ठावं? पाचवीला सटवाईनं काय लिहिलं ते तिला माहीत. आता तुम्ही लिहा." शाखेत हशा पिकला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत भाऊसाहेबांची 'सटवाई' झाली. मिशीवाली सटवाई. पुढे एका जुन्या अधीक्षकांना देवीच्या नावाची ही थट्टा रुचली नाही. तात्यांनी लगेच तोड काढली: गावाकडे सटवा, सटवाजी अशी नावं असतातच की. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे सटवाईच्या नावाने ठेवतात. झालं. सटवाईचा सटवाजी झाला आणि अधीक्षकांची हरकत निकाली निघाली.

इथवर भाषणात लोक हसले. पुढची गोष्ट जुन्यांनाच माहीत होती आणि तात्या स्वतः मागच्या बाकावर बसलेले होते, म्हणून त्यांच्याकडे बघून परवानगी घेतली. त्यांनी मान हलवली.

सेवापुस्तकाचं पहिलं पान दर पाच वर्षांनी पुन्हा साक्षांकित करायचं असतं. बहुतेक ठिकाणी हे काम म्हणजे तारीख टाकून सही घेणं. १९९६ साली भाऊसाहेब तात्यांचं पान साक्षांकनाला काढत होते. वाचताना थबकले. अंकी लिहिलं होतं १-६-१९६१. अक्षरी लिहिलं होतं एक जून एकोणीसशे एकोणसाठ. अक्षर त्यांचं स्वतःचंच. सही तेव्हाच्या साहेबांची.

मराठी आकड्यांचा हा घोटाळा ज्याने कारकुनी केली त्यालाच कळेल. एकोणसाठ आणि एकसष्ट कानाला एकमेकांच्या शेजारी राहतात, आणि साठाच्या एक अलीकडे की एक पलीकडे हे घाईत डोक्यात उलटसुलट होतं. भाऊसाहेबांनी फायलीतला शाळेचा दाखला काढला. दाखल्यावरही तेच. अंकी एकसष्ट, अक्षरी एकोणसाठ. म्हणजे चूक शाळेची. पण भाऊसाहेबांनी अंकी अंकी उतरवलं, अक्षरी अक्षरी उतरवलं, आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहिलं नाही.

फरक दोन वर्षांचा. शिपायाचं निवृत्तीचं वय ६०, म्हणजे एकसष्ट धरलं तर तात्या ३१ मे २०२१ पर्यंत नोकरीत, एकोणसाठ धरलं तर ३१ मे २०१९ लाच घरी. दोन वर्षांचा पगार. तात्या म्हणाले, "भाऊसाहेब, राहू द्या ना. अंकच बघतंय कोण?" खरं तर कोणी पाहिलंच नसतं, निदान वीस वर्षं तरी. मग निवृत्तिवेतनाचं प्रकरण महालेखापालांकडे गेलं असतं आणि तिथे बसलेल्या माणसाने अंक आणि अक्षर शेजारी ठेवले असते. एकोणसाठ खरं ठरलं तर आधीची दोन वर्षं जादा नोकरी झाली, पगाराची वसुली निघाली असती. ते ठरेपर्यंत निवृत्तिवेतन अडकलं असतं ते वेगळंच. भाऊसाहेबांनी हे तात्यांना समजावलं. तात्यांना पटलं नाही. सदतीस वर्षांच्या माणसाला साठीतली वसुली कशी दिसणार?

तेव्हा भाऊसाहेब एक दिवसाची किरकोळ रजा टाकून एसटीने तात्यांच्या गावच्या शाळेत गेले. कार्यालयीन कामाला किरकोळ रजा का, असं मी त्यांना पुढे कधीतरी विचारलं. म्हणाले, "चूक माझी, भाडं सरकारचं का?" शाळेतल्या कपाटातून जनरल रजिस्टर निघालं, पावसाने कडा फुगलेलं. त्यात जून १९६५ च्या प्रवेशांचं पान. पानभर जवळजवळ सगळी मुलं एक जूनला जन्मलेली! हे आपल्या पिढीला ठाऊक आहे. आईबाप सांगायचे, 'पाऊस लागला त्या साली', 'थोरलीच्या पाठीवर', 'आखाडीच्या आधी'. शाळा जूनमध्ये भरायची, पहिलीला सहा पुरी हवीत. गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते बघायचे आणि सहा वर्षं मागे जाऊन एक जून टाकायचे. म्हणून आपल्याकडे ३१ मे ला कार्यालयं अर्धी रिकामी होतात. एक तारखेला जन्मलेला आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, हा नियमच आहे.

त्या पानावर तात्यांच्या नावापुढे शाईचा डाग पडलेला. अंक वाचता येईना. अक्षरी मात्र स्वच्छ: एकोणसाठ. प्रवेश १९६५ चा, वय सहा, हिशेब जुळला. मग दाखल्यावर एकसष्ट आलं कुठून? भाऊसाहेब तिथेच थांबले नाहीत, त्यांनी पुढची पानं उलटली. दोन वर्षांनंतरच्या प्रवेशात तेच आडनाव, तेच वडिलांचं नाव, तात्यांचा धाकटा भाऊ: १-६-१९६१. दाखला लिहिताना गुरुजींना थोरल्याच्या डागातला अंक लागला नाही, आणि त्यांनी धाकट्याच्या ओळीवरून तो घेतला. चूक कशी झाली तेही कळलं, आणि त्याने एकोणसाठ पक्कं झालं.

आता दुरुस्ती. नियम कडक आहे. १९८१ नंतर नोकरीला लागलेल्याने तारीख बदलायचा अर्ज पाच वर्षांच्या आत करायचा, नंतर नाही. तात्यांची पाच वर्षं नुकतीच उलटलेली. पण त्याच नियमात एक खिडकी आहे. नोंदीतली चूक उघड लेखनिक स्वरूपाची असेल, किंवा त्या कर्मचाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या हलगर्जीपणामुळे झाली असेल, तर बदल करता येतो. भाऊसाहेबांनी टिप्पणी लिहिली आणि त्या 'दुसऱ्या कोणा'च्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. 'सदर चूक नोंद घेणाऱ्या लिपिकाने अंकी व अक्षरी नोंद ताडून न पाहिल्यामुळे झाली आहे.' त्यांना लेखी समज मिळाली. ती त्यांच्या स्वतःच्या सेवापुस्तकात आहे, मी पाहिली आहे. तात्यांच्या पानावर एकसष्ट एका रेघेने छेदलं, खोडलं नाही, वर एकोणसाठ लिहिलं आणि साहेबांनी आद्याक्षरी केली. पांढरी शाई, ब्लेड यातलं काही सेवापुस्तकाला लागू द्यायचं नाही. भाऊसाहेब तर पान ट्यूबलाइटसमोर धरून कागद कुठे खरवडलाय का ते बघत.

तेव्हापासून त्यांचा एक शब्द झाला: "अक्षरी?" कोणी तारीख सांगितली की "अक्षरी?" कोणी रक्कम सांगितली की "अक्षरी?" एकदा कॅन्टीनवाल्याने चहाचे सत्तावीस झाले म्हटल्यावरही त्यांनी "अक्षरी?" विचारलं. तो म्हणाला, "भाऊसाहेब, अक्षरीच सांगितलं की!"

तात्या मात्र सहा महिने बोलले नाहीत. भाऊसाहेबांच्या टेबलावर चहा यायचा, पण कपाची दांडी भिंतीकडे करून ठेवलेली असायची. ही तात्यांची नापसंती. २०१९ च्या मे अखेर तात्या निवृत्त झाले आणि निवृत्तिवेतनाचा आदेश त्याच दिवशी हातात पडला. त्या वर्षी दुसऱ्या एका कार्यालयातला त्यांचा व्याही नावातल्या एका वेलांटीपायी वर्षभर हेलपाटे घालत होता. तात्या पेढे घेऊन भाऊसाहेबांच्या टेबलाशी आले आणि कप उचलून त्यांनी दांडी सरळ केली. एवढंच.

भाषण मी इथे संपवलं. टाळ्या झाल्या, शाल झाली. तात्या पुढे येऊन म्हणाले, "सटवाजी, तुमचं कोणी लिहिलं हो?" सगळे हसले. भाऊसाहेबही हसले आणि घड्याळाचं खोकं काखेत धरून खाली बघत राहिले.

त्यांचं कोणी लिहिलं ते मला माहीत होतं. त्यांच्या निवृत्तीचं प्रकरण मीच तयार केलं. चोवीस महिने आधी यादी, मग सेवा पडताळणी, वेतन पडताळणी, आणि सहा महिने आधी प्रस्ताव रवाना. ते काम करताना त्यांच्या शेजारी बसून मी पहिलं पान वाचलं: १-६-१९६७. "तुम्हीपण एक जून?" मी विचारलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

त्यांचं गाव पाटण तालुक्यात. आई सांगायची, "तू भूकंपाचा." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, पहाटे. घराची मागची भिंत गेली, बाळंतिणीला खळ्यावर नेलं, आणि तिथे, मार्गशीर्षाच्या थंडीत, गोधडीच्या आडोशाला हे जन्मले. त्यांची जन्मतारीख कोणी विसरणं शक्यच नव्हतं. अख्ख्या तालुक्याला ती पाठ आहे. पण १९७३ च्या जूनमध्ये शाळेत घालायचं तर वय साडेपाच. गुरुजींनी सहा महिने मागे सरकवून एक जून टाकली. मुलगा घरी बसून वर्ष कशाला वाया घालवायचं?

मी म्हटलं, "मग पाच वर्षांच्या आत अर्ज का नाही केला? तुम्हाला तर नियम पाठ. खऱ्या तारखेने तुम्ही डिसेंबरअखेर गेला असता. सात महिने!"

त्यांनी ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या, माझ्या पहिल्या दिवशी लिहिल्या होत्या तशाच. वडील याच खात्यात होते, १९८४ साली गेले. घरात आई, दोन बहिणी. अनुकंपावर नेमणूक मिळाली ती ऑगस्ट १९८५ मध्ये. एक जूनच्या हिशेबाने वय अठरा वर्षं दोन महिने. भूकंपाच्या हिशेबाने सतरा वर्षं आठ महिने. अठरा पुरी नसतील तर नेमणूकच नाही. म्हणजे शेवटचे सात महिने मागायचे, तर सुरुवातीची नेमणूक चुकीची होती असं स्वतःच लिहून द्यायचं.

"आणि आईचं सांगणं हा पुरावा नव्हे," ते म्हणाले. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात असतील. दुसऱ्यांच्या नोंदी शोधायला ते तशा कक्षांत कितीदा गेले. स्वतःची कधी पाहिली नाही. पाहिली असती तर कळलं असतं, कळलं असतं तर टिप्पणी लिहावी लागली असती. तात्यांचं पान दुरुस्त करायला रजा टाकून जाणारा माणूस स्वतःचं पान उघडायला गेला नाही, हे मला त्या दिवशी थोडं टोचलं. आजही टोचतं. पण १९८५ च्या ऑगस्टमध्ये त्या घरात चूल कशावर पेटली हेही त्याच कागदावर लिहिलेलं होतं, तेव्हा मी गप्प बसले.

मग ते एकदम मिश्कील झाले. "ताई, गुरुजींनी नियम वाचला नव्हता, ही खरी अडचण." नियम असा: ज्याचं जन्मवर्षच तेवढं माहीत आहे, त्याची तारीख १ जुलै धरावी. महिना माहीत असेल तर त्या महिन्याची १६. सरकारची स्वतःची अडाणी तारीख एक जुलै, आणि गुरुजींची एक जून. गुरुजींनी एक जुलै टाकली असती तर हे १९८५ च्या ऑगस्टलाही अठरा पूर्ण भरले असते आणि निवृत्त झाले असते ३० जूनला. ३० जूनला जाणाऱ्याला १ जुलैची वेतनवाढ काल्पनिक धरून निवृत्तिवेतन द्यायचं, हे २०२३ साली शासनाने मान्य केलं. ३१ मे ला जाणाऱ्याची अकराच महिने भरतात, त्याला ती नाही. एका महिन्याचा पगार गेला तो गेला, वर सुमारे तीन टक्क्यांची वेतनवाढही जन्मभराच्या निवृत्तिवेतनातून गेली. महाराष्ट्रभरच्या एक जूनवाल्यांची ही गोष्ट आहे. भाऊसाहेबांनी ती इतक्या लोकांना निवृत्तीच्या वेळी समजावून सांगितली होती की स्वतःच्या वेळी त्यांना ती पाठ झालेल्या आरतीसारखी आली.

३१ मे २०२५ शनिवारी आला, म्हणून समारंभ शुक्रवारीच झाला. सोमवारी, दोन जूनला, मी त्यांच्या सेवापुस्तकात शेवटची नोंद घेतली: नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त, मध्यान्होत्तर. अंकी लिहिलं, अक्षरी लिहिलं, दोन्ही दोनदा ताडलं. साहेबांची सही घेतली. त्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच पँटच्या खिशात राहिली होती, ती द्यायला ते अकरा वाजता आले. नोंद बघायला मागतील असं वाटलं होतं. मागितली नाही. खुर्चीत मी बसले होते, ते समोर अभ्यागताच्या बाकावर बसले आणि तिथून त्यांना पंखा लागत नाही हे त्यांना चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

परवा अकरा डिसेंबरला सकाळी मी फोन केला. म्हटलं, "भाऊसाहेब, आज अठ्ठावन्न पूर्ण. शुभेच्छा."

"कागदावर अठ्ठावन्न वर्षं, सहा महिने, दहा दिवस," पलीकडून आवाज आला. मग थोडं थांबून, "पहाटे चारलाच जाग आली पण. दरवर्षी येते." आणि गॅसवर दूध ठेवलंय म्हणून त्यांनी फोन बंद केला.